अंथरुणातलं अंतर

पन्नाशीच्या आसपास नवरा-बायकोतला शरीरसंबंध थांबतो, तो भांडण होऊन क्वचितच. कुणाच्या तरी आजारपणात, मुलीच्या बारावीच्या वर्षात, सासूबाई न्हाणीघरात घसरल्या त्या पावसाळ्यात तो बाजूला ठेवला जातो आणि मग राहूनच जातो. कुणी ठरवलेलं नसतं, त्यामुळे कुणी जाबही विचारत नाही. बाकी संसार व्यवस्थित चाललेला असतो. लाइटबिल वेळेवर भरलं जातं, लग्नकार्याला दोघं जोडीनं जातात, एकमेकांच्या गोळ्या लक्षात ठेवतात. फक्त रात्री दोघांच्या मध्ये हातभर जागा असते आणि ती कधी पडली हे दोघांनाही नीट सांगता येत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. दोघांनाही आता त्यात रस उरलेला नसेल आणि दोघंही खुशीत असतील, तर यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. आठवड्यातून किती वेळा, महिन्यातून किती वेळा, असला आकडा कुठल्याही वैद्यकशास्त्रानं सक्तीचा केलेला नाही. हा लेख आहे तो ज्या घरात निदान एकाला तरी हे टोचतं आहे आणि ते बोलायचं कसं हे कळत नाही, त्या घरासाठी.

असं एक जोडपं डोळ्यांसमोर आणू. कल्पनेतलंच, पण ओळखीचं वाटेल असं. तो 54 वर्षांचा, ती 49. लग्नाला 26 वर्षं झालेली. ठाण्याला वन बीएचके, मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला, आई हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. आईंना रात्री उठावं लागतं म्हणून बेडरूमचं दार नुसतं लोटलेलं असतं. त्याला आठ वर्षांपासून डायबेटिस, शिवाय बीपीची गोळी चालू. तिची पाळी जाऊन दीड वर्ष झालं.

तीन वर्षांपूर्वी एका रात्री त्याला ताठरता आली नाही. तो ‘दमलोय आज’ म्हणून कुशीवर वळला. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच झालं. मग तो रात्री टीव्हीसमोर जास्त वेळ बसू लागला, ती झोपल्यावर आत यायला लागला. तिला मनातल्या मनात सुटल्यासारखं वाटलं, कारण पाळी अनियमित झाल्यापासून संबंधाच्या वेळी तिला आग व्हायची, दुखायचं, आणि ते तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण काही महिन्यांनी त्या सुटकेची जागा दुसऱ्याच विचारानं घेतली. आपण सुटलो आहोत, केस पांढरे झाले, आता याला आपण आवडत नाही. इकडे तो समजत होता की हिला बरंच झालेलं दिसतंय, एकदाही स्वतःहून जवळ आली नाही.

दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे, आणि दोघांचाही निष्कर्ष साफ चुकीचा आहे. खरं नुकसान मात्र याच्या पुढच्या पायरीवर झालं. स्वयंपाकघरात मागून जाताना तो पूर्वी तिच्या खांद्यावर हात ठेवायचा, तो हात थांबला. हात ठेवला तर हिला वाटेल की रात्री काही अपेक्षा आहे, आणि रात्री आपल्याच्यानं होणार नाही, मग कशाला? तीही सोफ्यावर त्याला टेकून बसेनाशी झाली. टेकलं तर तो त्याचा अर्थ लावेल आणि मग पुन्हा ते दुखणं. संबंध थांबला त्यापेक्षा हे साधे, बिनकामाचे स्पर्श थांबणं जास्त महाग पडतं. समुपदेशकांकडे येणाऱ्या जोडप्यांची तक्रार शरीरसंबंधापासून सुरू होते, पण थोडं खोदलं की कळतं, कित्येक महिन्यांत एकमेकांचा हातसुद्धा हातात घेतलेला नसतो. प्रत्येक स्पर्श म्हणजे पुढच्या कशाची तरी प्रस्तावना, असं एकदा मनात बसलं की माणूस प्रस्तावनाच टाळतो.

आता शरीराकडे बघू, कारण या जोडप्याच्या गोष्टीत शरीराचा वाटा मोठा आहे आणि दोघंही त्याचा दोष प्रेमाच्या माथी मारत आहेत.

पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं. त्यामुळे योनीमार्गाचं अस्तर पातळ होतं, ओलावा कमी होतो, लवचिकपणा जातो. संबंधाच्या वेळी आग होणं, ओरखडल्यासारखं वाटणं, नंतर लघवीला जळजळणं हे त्यातूनच येतं. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा काही वर्षांनी बहुतेक वेळा आपोआप कमी होतात. हा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, उलट उपचार न केल्यास वाढतो. उपाय अवघड नाहीत. केमिस्टकडे पाण्यावर आधारित वंगण जेली मिळते, ती संबंधाच्या वेळी वापरायची. त्यानं भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम देतात. ज्यांना स्तनांचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांनी मात्र ते स्वतःच्या मनानं वापरू नये, आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारावं. बायका या दुखण्याबद्दल गप्प राहतात, कारण ‘या वयात’ डॉक्टरांना असलं विचारायचं म्हणजे काय म्हणतील ही धास्ती. डॉक्टर काही म्हणत नाहीत. रोजच्या ओपीडीतली ही तक्रार आहे.

पुरुषाची बाजू याहून गंभीर असू शकते. ताठरता ही मुळात रक्तपुरवठ्याची गोष्ट. लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटर जाडीच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, तंबाखू यांनी रक्तवाहिन्या आतून खराब व्हायला लागल्या की बारीक वाहिनी आधी तक्रार करते. म्हणून ताठरतेचा त्रास हा पुष्कळदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसणारा इशारा असतो. शिवाय मधुमेहानं नसाही मंदावतात. बीपीच्या काही गोळ्या आणि नैराश्यावरच्या बऱ्याचशा गोळ्या यांचाही परिणाम होतो. मात्र तेवढ्यावरून गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची.

भाग शरीराचा किती आणि मनाचा किती, याचा एक साधा अंदाज घरीही येतो. पहाटे जाग येताना ताठरता असते का? ती असेल आणि फक्त बायकोजवळ गेल्यावर जात असेल, तर रक्तवाहिन्या बऱ्यापैकी ठीक आहेत आणि धास्ती आड येते आहे असं समजायला जागा आहे. पहाटेचीही हळूहळू गेली असेल तर आधी तपासणी. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही असतं. शरीर एकदा अडखळतं आणि पुढच्या वेळी मन पहारा द्यायला बसतं: जमतंय का, टिकतंय का. असा पहारा बसल्यावर काय जमणार!

आणखी एक गैरसमज इच्छेचा. सिनेमानं आपल्याला शिकवलं आहे की आधी इच्छा उसळते आणि मग माणसं जवळ येतात. व्हँकुव्हरच्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी 2000 साली मांडलं की दीर्घ सहवासातल्या अनेक स्त्रियांच्या बाबतीत क्रम उलटा असतो. सुरुवातीला मन तटस्थ असतं. निवांतपणा, आपुलकी आणि हवाहवासा स्पर्श मिळाला की इच्छा नंतर जागी होते. वय वाढतं तसं पुष्कळ पुरुषांचंही असंच होतं. म्हणजे ‘मला मनातून काही वाटतच नाही’ याचा अर्थ सगळं संपलं असा नसतो. पण म्हणून इच्छा नसलेल्या माणसाला ओढत न्यायचं असा त्याचा अर्थ कुणी काढत असेल, तर त्यानं हा परिच्छेद पुन्हा वाचावा. हवाहवासा हा शब्द त्यात आहे.

बोलायचं कसं, हा खरा प्रश्न. मराठीत हा विषय नवा नाही. र. धों. कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि वाचकांच्या कामजीवनाविषयीच्या प्रश्नांना छापून उत्तरं दिली. त्यावरून त्यांच्यावर खटला झाला आणि 1934 मध्ये त्यांचं वकीलपत्र घेतलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. इतकं होऊनही घराघरात याविषयी बोलायची रीत पडली नाही ती नाहीच. आपल्याकडे नवरा-बायको टोमण्यातून बोलतात. ‘तुम्हाला काय, तुम्हाला टीव्ही आहे.’ ‘तुझं आपलं नेहमीच डोकं दुखतं.’ टोमण्याला उत्तर टोमण्यानंच मिळतं, आणि हा विषय तर फार हळवा. पुरुषाला वाटतं आपल्या पुरुषपणावर बोट ठेवलं, बाईला वाटतं आपल्या रूपावर.

काही गोष्टी आधी टाळलेल्या बऱ्या. हे बोलणं अंथरुणात नको. तिथे नुकताच एकानं हात पुढे केलेला असतो किंवा मागे घेतलेला असतो, आणि काहीही बोललं तरी ते त्या क्षणाच्या निकालासारखं ऐकू येतं. भांडणाच्या शेपटाला जोडूनही नको. आणि समोरासमोर खुर्च्या टाकून ‘मला तुझ्याशी बोलायचंय’ म्हणून तर अजिबात नको. असल्या वाक्यानं माणसाच्या पोटात गोळा येतो. चालताना किंवा गाडीतून जाताना बोललेलं सोपं जातं, कारण नजर रस्त्यावर असते. आपल्या जोडप्याला घरात सोय नाहीच, हॉलमध्ये आई आहेत. संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी मारता येते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षं जोडप्यांची बोलणी चित्रित करून अभ्यासली. त्यांच्या निरीक्षणांतलं घरी उपयोगी पडणारं एक असं, की बोलणं ज्या सुरात सुरू होतं त्याच सुरात बहुधा संपतं. पहिल्या दोन-तीन मिनिटांत आरोप आला की पुढचं सगळं बचावात जातं. तेव्हा पहिलं वाक्य आधी मनात जुळवून ठेवायला हरकत नाही. त्यात स्वतःचं काय होतंय ते सांगायचं, समोरच्याचं काय चुकतंय ते नाही. ‘तुम्ही मला जवळच घेत नाही’ आणि ‘मला तुमची आठवण येते, एका घरात राहून’ या दोन वाक्यांमागचं दुःख एकच आहे. पहिल्याला उत्तर देताना माणूस वकील होतो, दुसऱ्याला देताना होत नाही.

समजा, फेरी मारता मारता ती म्हणाली, “अहो, एक विचारू? चिडू नका. आपण पूर्वी टेकून तरी बसायचो. ते मला फार आठवतं.”

तो थोडा वेळ गप्प. मग, “आता वय झालं आपलं.”

इथे बहुतेक बोलणी संपतात. हे वाक्य म्हणजे आतून लावलेली कडी. ‘वय झालं म्हणजे काय, शेजारच्यांचं नाही झालं?’ असं उत्तर दिलं की कडी आणखी घट्ट. त्याऐवजी तिनं आपलं दार आधी उघडलं. “झालंच की. माझी पाळी अनियमित झाल्यापासून मला त्या वेळी खूप दुखायचं. मी बोललेच नाही. म्हणून मी अंग चोरायची. तुमच्यामुळे नाही.”

“दुखायचं? अगं, मग सांगायचंस ना.”

“लाज वाटली.”

पुढची दोन-तीन मिनिटं कुणीच बोललं नाही आणि तिनं ती शांतता भरून काढायची घाई केली नाही, हे फार चांगलं झालं. मग त्यानं रस्त्याकडे बघत सांगितलं, “मला... होत नाही आता पूर्वीसारखं. शुगरमुळे असेल. मला वाटलं, तुला कळलं तर...”

या ठिकाणी काय म्हणू नये हे सांगणं सोपं आहे. ‘जाऊ द्या, मला कुठे एवढी गरज आहे’ हे दिलासा म्हणून म्हटलं जातं, पण त्याचा अर्थ तो घेतो की हिला मी नकोच आहे. ‘डॉक्टरकडे चला’ हेही पहिल्या दमात नको, कारण माणसानं आत्ता कुठे मन मोकळं केलेलं असतं. ती म्हणाली, “मला वाटत होतं मी नकोशी झाले.” एवढंच पुरलं. तीन वर्षं दोघं आपापल्या शरीराची लाज दुसऱ्याच्या नकाराच्या खात्यावर मांडत होते, हे दोघांच्याही लक्षात आलं.

सगळी बोलणी इतकी सरळ जात नाहीत. पहिल्या खेपेला दुसरी व्यक्ती विषय बदलते, चेष्टा करते, किंवा चिडते. तेव्हा ‘बरं, आज नको, पण मला परत यावर बोलायचंय’ एवढं सांगून थांबावं आणि आठवडाभरानं खरंच परत बोलावं. एक जण पिच्छा पुरवतो आणि दुसरा पळतो, असं चक्र सुरू झालं तर पिच्छा पुरवणाऱ्यानं पाऊल मागे घ्यायचं असतं आणि पळणाऱ्यानं स्वतःहून दिवस सांगायचा असतो. दुसरी अट जास्त महत्त्वाची. ‘आत्ता नको’ म्हणणाऱ्यावर ‘मग कधी’ हे सांगण्याची जबाबदारी असते.

बोलणं झाल्यावर लगेच त्याच रात्री पराक्रम करायला जाऊ नये. इथे 1970 साली अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात काम करणाऱ्या मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीनं मांडलेली पद्धत आजही वापरली जाते. (दोघांनी पुढे एकमेकांशी लग्न केलं आणि मग घटस्फोटही घेतला, शास्त्र येणं वेगळं आणि संसार वेगळा.) पद्धतीचा पाया असा, की काही आठवडे संबंध ठेवायचाच नाही हे दोघांनी मिळून आधी ठरवायचं. ऐकायला उफराटं वाटतं, पण त्यातच तिची ताकद आहे. संबंध होणारच नाही हे नक्की असलं की त्याला परीक्षेची भीती राहत नाही आणि तिला दुखण्याची.

आपल्या जोडप्यानं ते असं बसवलं. दाराला कडी बसवली आणि आईंना रात्री हाक मारायला उशाशी एक बेल ठेवली. एवढ्याशा गोष्टीसाठी तीन वर्षं गेली होती. आठवड्यातून दोन वेळा, अर्धा-पाऊण तास. पहिले दोन आठवडे एकानं दुसऱ्याच्या पाठीला, हातांना, पायांना, केसांना सावकाश स्पर्श करायचा, पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलायची. छाती आणि जननेंद्रियं वगळून. स्पर्श करणाऱ्यानं समोरच्याला काय वाटत असेल याचा अंदाज बांधायचा नाही, आपल्या हाताला काय जाणवतंय तिकडे लक्ष द्यायचं. ज्याला नको वाटेल त्यानं दुसऱ्याचा हात धरून बाजूला न्यायचा किंवा सांगायचं. पुढचे दोन आठवडे आधी वगळलेल्या जागाही घ्यायच्या, पण तिथेही कुठे पोचायचं नाही. ताठरता आली तर येऊ द्यायची, गेली तर जाऊ द्यायची. त्यानंतरच, दोघांना हवं असेल तर, जेली वापरून पुढे.

पहिल्या खेपेला त्यांना हसू आलं. कृत्रिम वाटलं. तसं वाटतंच, आणि त्यात बिघडलं काही नाही. बिघाड दुसरीकडे असतो. स्पर्श चांगला लागला म्हणून तिसऱ्याच दिवशी एकानं नियम मोडला, तर दुसऱ्याचा विश्वास उडतो आणि पुन्हा प्रत्येक हाताकडे संशयानं बघणं सुरू होतं. म्हणून ठरलेले आठवडे पाळायचे, मोह झाला तरी.

ही पद्धत कुठे चालत नाही, तेही सांगायला हवं. घरात मारहाण असेल, नकार दिल्यावर जबरदस्ती किंवा अबोला ही शिक्षा मिळत असेल, तर आधी सुरक्षिततेचा प्रश्न आहे, जवळिकीचा नाही. बाहेर दुसरं नातं असेल किंवा दारू असेल, तर त्याचा निकाल लागल्याशिवाय पाठीवरून हात फिरवून काही होणार नाही. आणि एखाद्याला मनापासून आता हे नको असेल, तर तेही प्रेमानं, पण स्पष्ट सांगण्याचा हक्क त्याला किंवा तिला आहे. कारणं शोधत राहण्यापेक्षा ते बरं. अशी जोडपीही एकमेकांच्या कुशीत झोपू शकतात, फक्त कुशीचा अर्थ काय ते दोघांना ठाऊक हवं.

डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जावं. स्टेशनाबाहेरच्या भिंतींवर ‘गुप्त समस्या, खात्रीशीर इलाज’ असं लिहिलेलं असतं त्या पत्त्यावर जाऊ नये. तिथली पुडी कशाची असते कुणाला माहीत, आणि तेवढ्या वेळात मधुमेह आपलं काम करत राहतो. आधी नेहमीचे फॅमिली डॉक्टर. तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्यावी. ताठरतेच्या गोळ्या बाजारात सहज मिळतात म्हणून मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट गोळी जो घेतो, त्यानं ही गोळी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. बायकोनं त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्यावी. आत गेल्यावर आडवळणानं ‘अशक्तपणा वाटतो’ असं सांगू नका, नाहीतर टॉनिकची चिठ्ठी घेऊन बाहेर याल. पुरुषानं सांगावं, “डॉक्टर, मला ताठरता येत नाही.” बाईनं सांगावं, “डॉक्टर, संबंधाच्या वेळी दुखतं.” पुढचे प्रश्न विचारणं हे त्यांचं काम आहे.